मदत हवी आहे: साहित्याच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत चारही उद्दिष्टांना न्याय कसा द्यावा?

दीर्घवेलांटी:

साहित्याची ८० गुणांची आणि तीन तासांची प्रश्नपत्रिका काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. संविधान तक्त्यात मी स्मरणाला १६, आकलनाला २४, विश्लेषणाला २४ आणि सर्जनशील लेखनाला १६ असे गुण ठेवले आहेत. कागदावर हे प्रमाण समतोल दिसते; मात्र प्रश्न लिहून झाल्यावर पत्रिका वाचली, तेव्हा टिपणे पाठ करणारा विद्यार्थीच तीत सर्वांत पुढे राहील असे मला जाणवले. दोष नेमका कोठे आहे हे मात्र सापडत नाही.

विश्लेषणाच्या विभागात प्रत्येकी ८ गुणांचे चार प्रश्न असून त्यांपैकी कोणतेही तीन सोडवायचे आहेत. शिकवलेल्या दोन कवितांतील प्रतिमांवर प्रत्येकी एक, शिकवलेल्या कथेतील नायिकेच्या स्वभावचित्रणावर एक आणि अपरिचित कवितेवर एक अशी त्यांची विभागणी आहे. सर्जनशील लेखनात ८ गुणांचा ललित निबंध आणि ८ गुणांचे कथालेखन आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

समास_सोडवा:

माझ्या मते चौघांना प्रत्येकी २० गुण द्यावेत, म्हणजे कोणावरही अन्याय होणार नाही. शिवाय तक्ता प्रश्न लिहिण्याआधी करावा, नंतर नव्हे. प्रश्न आधी लिहून त्यांना मागाहून रकान्यांत बसवले, तर प्रत्येक प्रश्न आपल्याला सोयीच्या रकान्यातच जाऊन बसतो.

जुना_परीक्षक:

तक्ता आधी करावा हे समास_सोडवा यांचे म्हणणे योग्य आहे. परंतु समान गुण म्हणजे समान न्याय हे मला मान्य नाही. त्याचे कारण पुढे येईलच, त्याआधी धागाकर्त्यांच्या विश्लेषण विभागाकडे पाहू.

चारांपैकी तीन सोडवायचे असल्यामुळे अपरिचित कवितेचा प्रश्न बहुतेक सर्व विद्यार्थी वगळतील, कारण उरलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वर्गातील टिपणांत तयार आहेत. वर्गात ज्या प्रतिमेचा उलगडा फळ्यावर झाला आहे, तिचा अर्थ पुन्हा लिहून काढणे हे विश्लेषण नसून स्मरण आहे, मग प्रश्नात ‘चिकित्सा करा’ असे क्रियापद असले तरीही. म्हणजे तुमचे २४ गुण प्रत्यक्षात स्मरणाच्या खात्यात जमा होतात आणि १६ चे ४० होतात. प्रश्नाचे उद्दिष्ट त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. विद्यार्थ्याने त्या मजकुराबाबत आधी काय ऐकले आहे यावरून ठरते. म्हणून अपरिचित मजकुरावरील प्रश्न सक्तीचा करावा आणि पर्याय द्यायचाच असेल, तर तो त्याच उद्दिष्टाच्या व तितक्याच अवघड प्रश्नाला द्यावा.

आता समान गुणांविषयी. तुमच्याच तक्त्यात स्मरण आणि सर्जनशील लेखन यांना प्रत्येकी १६ गुण आहेत. समजा, स्मरणात विद्यार्थ्यांना ५ पासून १६ पर्यंत गुण मिळाले आणि निबंध व कथेत परीक्षकाने सावधपणे सर्वांना ९ ते ११ च्या दरम्यान ठेवले. स्मरणात १५ आणि लेखनात ९ मिळवणाऱ्याची बेरीज २४ होते. स्मरणात ८ आणि लेखनात सर्वांहून सरस ठरून ११ मिळवणाऱ्याची १९ होते. दोन्ही विभागांचे गुण सारखे असूनही क्रम स्मरणानेच ठरवला, कारण गुणांची पसरण तेथेच होती. तक्त्यातील भारांश आणि निकालातील भारांश हे असे वेगळे असतात. मागील परीक्षेची गुणपत्रके हाताशी असतील, तर प्रत्येक विभागातील सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुण पाहावेत. गोंधळ तेथे लगेच दिसतो.

पालक_एक:

गुण कसे कापतात यावर चर्चा चालू आहे म्हणून विचारतो. माझ्या मुलीचे प्रत्येक उत्तरात शुद्धलेखनासाठी गुण कापले गेले. तिला आशय समजला होता, तरीही असे करणे योग्य आहे काय?

दीर्घवेलांटी:

आपला प्रश्न धाग्याच्या विषयाहून थोडा वेगळा आहे, तरी त्यातून एक उपयोगी गोष्ट निघते. प्रत्येक उत्तरात लेखनदोषांचे गुण कापले, तर तक्त्यात कोठेही न दाखवलेले पाचवे उद्दिष्ट पत्रिकेत शिरते. ते गुण मी फक्त सर्जनशील लेखनात ठेवीन आणि तसे प्रश्नपत्रिकेवरच छापीन.

जुना_परीक्षक, पसरणीचा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता. लेखनाचे गुणदान इतके आक्रसू नये यासाठी काय करावे?

जुना_परीक्षक:

मोकळा विषय देऊ नये. ‘पाऊस’ या विषयावरचा निबंध पाठ असतो आणि तो पाठ आहे हे परीक्षकाला सिद्ध करता येत नाही, म्हणून तो मधले गुण देऊन पुढे जातो. त्याऐवजी कथेतील एक प्रसंग तेथे हजर असलेल्या दुय्यम पात्राच्या नजरेतून सुमारे वीस ओळींत लिहायला सांगावा आणि त्या पात्राला जे ठाऊक असणे शक्य नाही ते लेखनात येऊ नये, अशी अट घालावी. गुणदान योजनेत ८ गुणांची फोड करावी: दृष्टिकोन शेवटपर्यंत टिकवण्याला ३, प्रसंगाशी सुसंगत नव्या तपशिलांना २, रचनेला २ आणि शुद्धलेखनाला १. दृष्टिकोन मध्येच सुटला, तर तीनपैकी एकच गुण द्यायचा हे आधी ठरले असेल, तर परीक्षकाला शून्याकडे आणि आठाकडेही जाण्याचे धैर्य येते.

समास_सोडवा:

पण मग ती कथा ज्याला आठवत नाही, त्याचे लेखनाचे गुणही गेले. ही स्मरणाची दुहेरी शिक्षा झाली.

जुना_परीक्षक:

आक्षेप रास्त आहे. तो प्रसंग दहा-बारा ओळींत प्रश्नपत्रिकेवर छापावा. तरीही संपूर्ण कथा ज्याच्या मनात आहे त्याला थोडा फायदा मिळेलच. तो पूर्णपणे काढून टाकण्याचा मार्ग मला सापडलेला नाही.

दीर्घवेलांटी:

दुरुस्त आराखडा देत आहे. मोजणी मी प्रश्नांऐवजी उपप्रश्नांनुसार केली. अपरिचित कविता १० गुणांची आणि सक्तीची असून तिच्यात काय घडते याचे २ गुण आकलनात आणि उरलेले ८ विश्लेषणात धरले आहेत. ती कविता आणि शिकवलेली एक कविता यांच्या तुलनेला ८ गुण असून दोन्ही कविता पत्रिकेवर छापल्या जातील. कथेच्या निवेदकावर कोठे विश्वास ठेवता येत नाही, या प्रश्नाला ८ गुण आहेत. त्यावर वर्गात चर्चा झालेली नाही. विश्लेषणाचे २४ गुण असे पूर्ण होतात. आकलनाचे उरलेले २२ गुण इतरत्र आहेत आणि निबंधाच्या जागी वर सुचवलेला दृष्टिकोनाचा प्रश्न घेतला आहे.

जुना_परीक्षक:

अपरिचित कवितेतील अवघड शब्दांचे अर्थ खाली द्यावेत, अन्यथा तो प्रश्न शब्दसंपत्ती तपासेल. याशिवाय १८० मिनिटांत ८० गुण म्हणजे एका गुणाला सव्वा दोन मिनिटे. १० गुणांच्या कवितेला वाचनासह साडेबावीस मिनिटे मिळतात. आपण स्वतः उत्तर हाताने पूर्ण लिहून पाहावे. मला स्वतःला पंधरा मिनिटांहून जास्त लागले, तर मी तो प्रश्न लहान करतो.

समास_सोडवा:

तुलनेच्या प्रश्नात पुन्हा तीच अपरिचित कविता आली आहे. ती ज्याला पहिल्यांदाच उमगली नाही, त्याचे १० ऐवजी १८ गुण धोक्यात येतात.

दीर्घवेलांटी:

हे खरे आहे. तुलनेसाठी दुसरी कविता घेतली, तर वाचनाचा वेळ वाढतो. तीच ठेवली, तर एकाच मजकुरावर फार मोठा भार येतो. सध्या शिकवलेल्या दोन कवितांची, वर्गात कधीही एकत्र न घेतलेली जोडी लावून पाहत आहे. याहून चांगला मार्ग कोणी अवलंबला असल्यास अवश्य लिहावे.