घरातील माणसे, विजेचे युनिट आणि एक दूरचा बिंदू
(टिळकवाडी, बेळगाव येथील एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

फ्लॅट २०४, विद्यार्थिनी : सर्वांना नमस्कार. संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी आपल्यापैकी नऊ घरांनी मला हेस्कॉमचे गेल्या महिन्याचे विजेचे बिल दाखवले, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. गृहज्योती योजनेमुळे बऱ्याच घरांच्या बिलावर रक्कम शून्यच येते, म्हणून मी रुपये न घेता युनिट घेतले. आडव्या अक्षावर घरातील माणसे आणि उभ्या अक्षावर युनिट मांडून विकीर्ण आकृती काढली, तेव्हा स्प्रेडशीटने त्यावर पुढील रेषा दिली.

```
y = 17.381x + 33.095
R² = 0.8133
```

यावरून मी असा निष्कर्ष लिहिला आहे की घरात एक माणूस वाढला की महिन्याला सुमारे १७ युनिट वाढतात आणि विजेच्या वापरातील ८१ टक्के फरक माणसांच्या संख्येमुळे पडतो. सोमवारी प्रकल्प द्यायचा आहे. १०३ मधील सरांनी कृपया एकदा नजर घालावी.

फ्लॅट १०३, निवृत्त प्राध्यापक : मूळ आकडे इथेच टाक. नुसत्या रेषेवरून आणि आर स्क्वेअरवरून मला काहीच सांगता येणार नाही.

फ्लॅट २०४ : सर, आधी माणसे आणि पुढे युनिट असे लिहिते. २ माणसे ९०, ३ माणसे १२०, ३ माणसे ८०, ४ माणसे १३०, ४ माणसे ८०, ५ माणसे ९०, ५ माणसे ११०, ६ माणसे १०० आणि शेवटचे घर १३ माणसांचे, २८० युनिट.

फ्लॅट १०३ : तुझे गणित बरोबर आहे, हे मी वहीवर करून पाहिले. आता ८१ टक्के कुठून आले ते बघ. नऊ घरांची सरासरी १२० युनिट आहे. माणसांचा विचारच केला नाही, तर प्रत्येक घरासाठी आपण १२० हाच अंदाज सांगू, आणि प्रत्येक घराचा प्रत्यक्ष वापर या अंदाजापासून जितका दूर आहे त्या फरकाचा वर्ग करून सर्व वर्गांची बेरीज केली, तर ती ३१,२०० येते. तुझी तिरकी रेषा घेऊन तेच केले, तर बेरीज सुमारे ५,८२४ उरते, म्हणजे मूळच्या सुमारे १९ टक्के. चूक ८१ टक्क्यांनी कमी झाली, एवढेच आर स्क्वेअर सांगतो. त्यात ‘मुळे’ हा शब्द कुठेच नाही, म्हणून तो तुझ्या वाक्यातून काढून टाक.

पण माझी खरी हरकत वेगळी आहे. आकृतीची छापील प्रत समोर ठेव आणि उजवीकडे वर एकट्याच बसलेल्या तेरा माणसांच्या घराच्या बिंदूवर अंगठा ठेव. उरलेल्या आठ बिंदूंमधून तुला चढती रेषा दिसते का, ते डोळ्यांनी पाहून सांग. त्यानंतर स्प्रेडशीटमध्ये पुढील दोन ओळी लिही. तुझे आकडे दुसऱ्या ओळीपासून सुरू होतात आणि माणसे बी स्तंभात व युनिट सी स्तंभात आहेत, असे मी धरले आहे.

```
=RSQ(C2:C10,B2:B10)
=RSQ(C2:C9,B2:B9)
```

फ्लॅट २०४ : सर, अंगठा ठेवल्यावर नुसता ढीग दिसतो, चढ दिसतच नाही. पहिल्या ओळीचे उत्तर 0.8133 आले आणि दुसऱ्या ओळीचे 0.0139. आठच घरे घेतली की रेषेचा चढ १७ वरून दीडपावणेदोन युनिटांवर येतो. एका घराने एवढा फरक पडू शकतो, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मी रेषेपासूनचे अंतरही तपासले होते. तेरा माणसांच्या घरासाठी रेषा २५९ युनिट सांगते आणि प्रत्यक्षात २८० आहेत, म्हणजे फरक २१ चाच आहे. सहा माणसांच्या घराचा फरक तर ३७ आहे. म्हणून मला तोच बिंदू वेगळा वाटला होता.

फ्लॅट १०३ : इथेच बहुतेक विद्यार्थी फसतात. बाकीची घरे दोन ते सहा माणसांच्या पट्ट्यात दाटीने बसली आहेत आणि हे एक घर आडव्या अक्षावर फार लांब आहे. लांब टोकाला हात घातला की पहार सहज हलते, तसा तो बिंदू रेषेला आपल्याकडे ओढून घेतो, आणि रेषा त्याच्याजवळूनच गेल्यामुळे त्याचा फरक लहान दिसतो. असा बिंदू फरकांच्या यादीत सापडत नाही. तो सापडतो आकृतीकडे बघून किंवा त्याला वगळून रेषा पुन्हा काढल्यावर. अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार आकडेवाऱ्या मुद्दाम अशा रचल्या की चारही ठिकाणी रेषा जवळजवळ तीच येते आणि आर स्क्वेअर सुमारे ०.६७. त्यांतल्या एका आकृतीत दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत आहेत आणि सगळा चढ एकट्या अकराव्या बिंदूने निर्माण केला आहे. तुझी आकृती त्याच जातीची आहे.

फ्लॅट ३०१, काकू : सर, तेरा माणसांचे घर आमचेच आहे. आमचा आकडा चुकला आहे का? आम्ही ३०१ आणि ३०२ मधली भिंत काढून एकत्र राहतो, पण मीटर अजून दोन आहेत. पोरीला मी दोन्ही बिले दिली होती, एक १५० युनिटांचे आणि दुसरे १३० चे.

फ्लॅट १०३ : वहिनी, तुमचा आकडा मुळीच चुकलेला नाही, उलट तुम्ही फार मोलाची गोष्ट सांगितलीत. इतर आठ बिंदू म्हणजे प्रत्येकी एक फ्लॅट आणि एक मीटर आहे. तुमचा बिंदू मात्र दोन फ्लॅट मिळून झाला आहे, म्हणजे दोन गिझर, दोन फ्रिज आणि खोल्याही दुप्पट. माणसे आणि फ्लॅटची संख्या या एकाच बिंदूत एकदम वाढल्या आहेत, त्यामुळे २८० युनिट कशामुळे झाले हे ही आकृती वेगळे करून दाखवूच शकत नाही.

फ्लॅट २०४ : मग मी ते घर वगळून ‘माणसांच्या संख्येचा विजेशी संबंध नाही’ असे लिहू का?

फ्लॅट १०३ : तसेही लिहू नकोस. आठच घरे आहेत, तीही दोन ते सहा माणसांची, आणि चार माणसांच्या दोन घरांतच ५० युनिटांचे अंतर आहे. इतक्या थोड्या आणि विखुरलेल्या आकड्यांत खरा संबंध असला तरी तो झाकला जाऊ शकतो. ०.०१ चा अर्थ एवढाच की या आठ घरांत सरळ रेषेने अंदाज जवळजवळ सुधारत नाही. प्रकल्पात दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी दे, तो बिंदू कुणाचा व वेगळा का हे आकृतीखाली लिही, आणि दर माणशी १७ युनिट हे विधान मागे घे. सहा आणि तेरा यांच्यामध्ये तुझ्याकडे एकही घर नाही. ती पोकळी भरली, तरच रेषेला अर्थ येईल.

फ्लॅट २०४ : वडगावला मामांच्या गल्लीत सात ते अकरा माणसांची एकत्र कुटुंबे आहेत आणि त्यांचे मीटर एकच आहे. मी रविवारी तिथे जाऊन सहा घरांची बिले पाहून येते.

फ्लॅट १०३ : जरूर जा, पण वडगावात विणकरांची घरे आहेत, तेव्हा माग घरच्याच मीटरवर चालतो की त्याला वेगळे मीटर आहे, हे प्रत्येक घरी आधी विचार. माग घरच्या मीटरवर असेल, तर ते घर वेगळ्या रंगाच्या बिंदूने दाखव आणि रेषा त्याच्यासह व त्याच्याविना अशी दोनदा काढ.

फ्लॅट २०४ : होय सर. वहीत ‘मीटर किती’ आणि ‘माग कोणत्या मीटरवर’ असे दोन रकाने मी आत्ताच आखून ठेवले आहेत.