मदत हवी आहे: वेगवेगळ्या लेखांचं पुनर्लेखन एकसारखं का होतं?

निरनिराळ्या लोकांचे लेख सोप्या मराठीत पुन्हा लिहिण्याचं काम करतो. प्रत्येक लेख सुटा वाचला की ठीक वाटतो, पण सगळे सलग वाचले की एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात.

एक उदाहरण देतो. मूळ वाक्य होतं, "रात्रपाळीची नर्स दर तासाला सलाईनचे थेंब मोजते, म्हणून गडबड लगेच कळते." माझं झालं, "रुग्णसेवेत परिचारिका महत्त्वाची भूमिका बजावतात." मोटार दुरुस्तीच्या लेखातही मेकॅनिक तीच 'भूमिका बजावत' होता! मला वाटतं, मी आधी मनात आशय काढतो. तिथेच थेंब, तास, 'म्हणून' हे सगळं गळतं आणि उरलेल्या सांगाड्यावर सवयीचा शब्दप्रयोग येऊन बसतो.

तीन-चार शब्दांचे पुन्हा पुन्हा येणारे गट शोधून त्यांची यादी केली, ते वापरायचे नाहीत असं ठरवलं. मग 'भूमिका बजावणे'च्या जागी सगळीकडे 'मोलाचा वाटा' आला. म्हणजे यादीने दुखणं फक्त सरकतं.

आता लिहिण्याआधी मूळ लेखातली क्रियापदं, तपशील आणि माहितीचा क्रम टिपून ठेवतो. तपशील बऱ्यापैकी टिकतात. पण सुरुवात आणि शेवट अजून एकाच वळणाचे होतात, वाक्यांची लांबीही सारखीच येते. मूळ लेखाचा क्रम तसाच ठेवावा, तर कधीकधी तोच अवघड असतो.

संपादन किंवा पुनर्लेखन करणाऱ्यांनी सांगावं: मूळ लेखकाची लय तुम्ही कशी पकडून ठेवता? आणि एका बैठकीत सारख्या प्रकारचे लेख घेणं टाळता का?