मदत हवी आहे: एक्सपेरिमेंटल सेक्शन किती कापू?

मंडळी, १२ सुझुकी कपलिंगची प्रोसिजर १२ वेळा लिहिलेली, रिव्ह्यूअर म्हणतो लांबड आहे आणि तरी रिपीट होणार नाही. खरंय म्हणा, 'रूम टेंपरेचर, ओव्हरनाइट' लिहिलेलं आणि फोंड्यातल्या आमच्या लॅबची रूम मे महिन्यात ३२ डिग्री!

आता एकच जनरल प्रोसिजर ठेवलीय: ४-ब्रोमोॲनिसोल १८७ मिग्रॅ म्हणजे १ मिलिमोल, फेनिलबोरॉनिक ॲसिड १४६ मिग्रॅ म्हणजे १.२, मग बेस, कॅटॅलिस्ट, सॉल्व्हंटचे मिली, ३०-३२ डिग्री, १४ तास, वर्कअप. बाकी ११ना फक्त वजनं, यील्ड आणि कॉलमचं इल्युअंट.

नव्या एका कंपाउंडला प्रोटॉन, कार्बन एनएमआर, एचआरएमएस आहे. उरलेली ११ आधीच पब्लिश झालेली, त्यांना प्रोटॉन एनएमआर, मेल्टिंग पॉइंट आणि जुन्या पेपरचा संदर्भ पुरेल, की कार्बनही द्यावाच लागेल?