आजीचं जाळीचं कपाट: रंग काढायचा, की रंगावर रंग? तुमचे अनुभव लिहा

गेल्या मे महिन्यात राजापूरचं आजोळचं घर आवरलं. भंगारवाला जाळीचं कपाट दोनशे रुपयांत उचलायला तयार होता आणि मामाने होकारही दिला होता. मी ते टेंपोत घालून पुण्याला आणलं. दूध, लोणी, विरजण ठेवायचं कपाट. दारांना तारेची जाळी, आत तीन फळ्या, पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या. आम्ही लहान असताना ते हिरवं होतं. त्यावर मग तपकिरी रंग चढला. एक दार खरवडलं तर खाली हिरवा, त्याखाली आकाशी, मग पांढरा आणि सगळ्यांत खाली काळपट चॉकलेटी काहीतरी, तेही लाकडाला घट्ट धरलेलं.

मी भाड्याने घासायचं मशीन आणलं आणि एक दार कोरडंच घासलं. तासाभरात गॅलरीभर हिरवी धूळ, पॉलिश पेपर दर पाच मिनिटांनी चिकट होऊन बाद. कोपऱ्यातल्या नक्षीवर मशीन जातच नाही. मागचे दोन्ही पाय खालून दोन-दोन इंच इतके मऊ झालेत की नख रुततं. जुनं कपाट किंवा खुर्ची स्वतः दुरुस्त केलेल्यांनी काय केलं, काय बिघडलं, तेही लिहा. मला एवढंच ठरवायचंय की लाकडापर्यंत जायचं, की वरूनच पुन्हा रंगवायचं.

— राजापूरची नात

---

ताई, आधी ते मशीन परत करा. आमच्या घरात दोन पिढ्या पॉलिशचं काम आहे, म्हणून जरा अधिकाराने सांगतो. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आली ती 2016 च्या नियमाने, नोव्हेंबर 2017 पासून: दहा लाख भागांत 90 भाग. तुमचा हिरवा आणि आकाशी त्याच्या कितीतरी आधीचा. त्यात शिसं असणार असं धरूनच चाला. कोरडं घासलं की ते धुळीतून घरात फिरतं, आणि लहान मुलांना त्याचा त्रास सर्वांत जास्त. गॅलरी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.

रंग काढायला रिमूव्हर वापरा. ब्रशने जाड थर द्यायचा आणि त्यावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. दहा-पंधरा मिनिटांत रंग फुगून सुरकुततो, मग बोथट पत्रीने लाकडाच्या रेषेच्या दिशेने ओढून काढायचा. पाच थर आहेत, एका दमात निघणार नाहीत. दोन-तीन वेळा तेच करावं लागेल. गच्चीवर करा, हातात रबरी मोजे घाला. बंद खोलीत त्याच्या वासाने डोकं जड होतं, घेरी येते. शेवटी सगळं थिनरने पुसून काढा. रिमूव्हरमध्ये मेण असतं, ते राहिलं तर वरचं पॉलिश धरत नाही.

खालचा चॉकलेटी थर बहुतेक चपड्याचं जुनं पॉलिश असावं. कपाटाच्या मागे, दिसणार नाही अशा जागी, कापसावर स्पिरिट घेऊन मिनिटभर चोळा. चिकट होऊन कापसावर तपकिरी उतरलं तर चपडाच. मग ते खरवडू नका. स्पिरिटने मऊ करून तिथल्या तिथे पसरवता येतं, आणि त्या रंगाची सर नव्या पॉलिशला येत नाही.

— रंधा

---

एवढा खटाटोप कशाला? आमच्या ह्यांनी सत्त्याऐंशी साली सागवानी झोपाळा कॉस्टिक सोड्याने साफ केला होता. बादलीभर पाण्यात सोडा, कुंच्याने लावायचा, अर्ध्या तासात पाइपने धुवायचं. रंग साबणासारखा वाहून गेला. वास नाही, खर्चही जवळजवळ नाही. झोपाळा अजून आहे. फक्त सागवान काळंभोर झालं, ते कशाने कोण जाणे. जुनं लाकूड तसंच होत असेल.

— सुनंदाकाकू

---

काकू, ते सोड्यानेच झालं. सागवानातल्या कषाय द्रव्यावर सोड्याचा परिणाम होतो आणि लाकूड काळं पडतं. झोपाळ्याची जाड फळी पाणी सोसते. जाळीच्या कपाटाचं तसं नाही, त्याचे सांधे जुन्या सरसाने चिकटवलेले असतात आणि सरस पाण्याने सुटतो. रंग निघेल, पण त्याबरोबर चौकटही हातात येईल. आणि तुम्ही लिहिलं नाहीत, पण सोडा डोळ्यांत उडाला तर फार वाईट.

— रंधा

---

उडाला होता. ह्यांचा डावा डोळा आठवडाभर लाल होता. मी लिहायला विसरले.

— सुनंदाकाकू

---

माझा प्रश्न वेगळा आहे. आमचं लोखंडी कपाट खालून गंजलंय, त्याला हेच रिमूव्हर चालेल का? लाकडाचा प्रायमर घरात शिल्लक आहे, तोच मारला तर?

— विश्वास, सोलापूर

---

रिमूव्हर चालेल. लाकडाचा प्रायमर नको, लोखंडाला रेड ऑक्साइड. गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढल्याशिवाय काहीच मारू नका.

— रंधा

---

नागपूरहून. माझा अनुभव खुर्चीचा आहे, बाबांची वेताच्या बैठकीची आरामखुर्ची. इथल्या उन्हाळ्यात लाकूड इतकं आक्रसतं की मागचे पाय करकरायला लागले. मी दोन खिळे ठोकले. महिनाभर बरं वाटलं, मग खाचेत बसणारं टोकच खिळ्याच्या रेषेत चिरलं. सुताराने मला दाखवलं तेव्हा कळलं की सांधा ढिला होतो म्हणजे बहुतेक वेळा आतला सरस सुकून भुगा झालेला असतो, लाकूड शाबूत असतं.

त्याने खुर्ची पूर्ण सोडवली. जिथे सुटेना तिथे गरम पाण्याची पट्टी ठेवून रबरी हातोडीने हळू ठोकलं. मग जुना सरस पटाशीने खरवडून स्वच्छ लाकूड उघडं केलं. यातच त्याची अर्धी दुपार गेली. मी विचारलं, वरूनच फेव्हिकॉल का नाही घालत? तो म्हणाला, डिंक लाकडाला धरतो, जुन्या डिंकाला धरत नाही. दोरीने पीळ देऊन खुर्ची आवळली आणि दोन दिवस कोणाला बसू दिलं नाही. चिरलेल्या टोकावर त्याने पातळ चीप बसवली.

बैठकीचा वेत मधोमध खोल गेला होता, पण एकही पट्टी तुटलेली नव्हती. खालच्या बाजूने गरम पाण्याच्या फडक्याने भिजवून खुर्ची उन्हात उलटी ठेवली, संध्याकाळपर्यंत वेत ताणला गेला. दोन वर्षं झाली, पुन्हा जरा खाली आलाय. दरवेळी भिजवून चालतं का, कुणाला माहीत आहे?

— ऑरेंजसिटी

---

रंगावर रंगच द्यायचा असेल तर माझी चूक वाचा. सासूबाईंचं शिसवी स्टूल लेकीच्या खोलीसाठी पांढरं करायचं होतं. घासलं, पाण्यात मिसळायचा पांढरा रंग दोन हात दिला. दुसऱ्या दिवशी वर चहाच्या डागासारखे तपकिरी डाग. तिसरा हात दिला, डाग पुन्हा वर आले. गडद लाकडाचा रंग पाण्याबरोबर वर चढतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. शेवटी दुकानदाराच्या सांगण्यावरून चपड्याचे दोन पातळ हात दिले, त्यावर तेलाचा लाकूड-प्रायमर, मग रंग. चार वर्षांत एकही डाग नाही. शिसवी लाकूड झाकलं म्हणून नवऱ्याची कुरकुर मात्र अजून चालू आहे, आणि आता मलाही कधीकधी वाटतं की झाकायला नको होतं.

— केतकी, ठाणे

---

म्हापशाहून. पॉलिश करणार असाल तर आत्ता करू नका, पाऊस थांबू दे. मी जुलैमध्ये देवघराचं कपाट केलं. 150 ग्रॅम चपडा एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, गाळून, मलमलीत कापसाचा बोळा बांधून हात द्यायला लागलो. तिसऱ्या हाताला सगळीकडे दुधासारखी पांढरी साय आली. वाटलं, चपडा खराब निघाला. पण तसं नव्हतं. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, आणि आमच्या पावसाळी हवेतली ओल त्यावर बसून आत अडकते. वाट बघितली. नवरात्राच्या सुमारास कोरड्या दुपारी, जेमतेम ओलसर बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन एकदाच हलका हात फिरवला, पांढरेपणा गेला. बोळा एका जागी थांबवायचा नाही, नाहीतर खालचे थर उचलून येतात. अडखळायला लागला तर त्याच्या तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब.

आणि चपड्यावर गरम भांडं ठेवलं की डाग पडतो, दारू सांडली तर विरघळतो. दुधाच्या कपाटाच्या आतल्या फळ्यांना मी चपडा दिला नसता, त्या नुसत्या घासून कोऱ्या ठेवल्या असत्या.

— बार्देसकर

---

आतल्या फळ्यांबाबत माझं मत वेगळं आहे. कोरं लाकूड दुधाचा वास धरून ठेवतं. पण आता त्यात दूध ठेवणार आहे का कोणी?

— केतकी, ठाणे

---

सगळ्यांचं वाचून मी परवा स्पिरिटचा कापूस मागच्या बाजूला चोळला. कापूस तपकिरी झाला, म्हणजे चपडा आहे. त्यामुळे आता वरचे चार रंग उतरवायचे आणि तिथे थांबायचं, असं ठरवलं. एका दाराला पाऊण लिटर रिमूव्हर आणि दोन दुपारी गेल्या. नक्षीच्या खोबणीतला हिरवा पूर्ण निघत नाही. दातकोरणीने टोकरून बघितलं, लाकूडच ओरखडायला लागलं, म्हणून सोडून दिला. जवळून बघितलं तर तिथे बारीक हिरवी रेघ दिसते.

आणखी एक भानगड. उजव्या पायाच्या आतल्या, फिकट लाकडाच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत. तो भुंगा जिवंत आहे का, हे कसं कळणार? आणि पायांचं काय करू?

— राजापूरची नात

---

फिकट बाजू म्हणजे लाकडाचा बाहेरचा कच्चा भाग, किडा तिथेच लागतो. सागवानाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. पायाखाली काळा कागद पसरा आणि दोन-तीन आठवडे हलवू नका. पिठासारखी ताजी भुकटी पडली तर किडा चालू आहे. मग लाकूडकिड्याचं औषध सिरिंजने एकेका भोकात सोडा, वरून मेणाने बुजवा. भुकटी पडली नाही, तर ती जुनी भोकं आहेत. नुसतं पॉलिश फासून आतला किडा मरत नाही.

पाय सडलेत ते वाट्यांमुळे. लाकडाचा कापलेला तळ नळीसारखं पाणी ओढतो. मऊ भाग कापून टाका, पण सरळ काप नको, तिरका घ्या, म्हणजे चिकटवायला जागा जास्त मिळते. जुन्या सागवानाचा तुकडा मिळवा, मोडक्या खिडकीची चौकटही चालेल. चिकटवण्याआधी दोन्ही काप थिनरने पुसा, सागवानात तेल असतं. दोन स्क्रू आडवे द्या. पुन्हा वाट्या ठेवायच्या असतील तर वाटीत छोटी वाटी पालथी घाला आणि पाय तिच्यावर ठेवा. पाणी भोवतीने राहील, लाकडाला लागणार नाही.

— रंधा

---

माझ्या आईकडे अशा चिनी मातीच्या वाट्या होत्या, मध्ये उंचवटा असलेल्या. त्या त्यासाठीच होत्या हे आज कळलं. मी त्यात कुंकू ठेवत होते.

— सुनंदाकाकू

---

काळा कागद घातलाय. आज नववा दिवस, अजून कागद स्वच्छ आहे. मामाला फोटो पाठवला तर म्हणाला, आकाशी रंग त्याने स्वतः दिला होता, मुंजीच्या वर्षी, आजोबांकडून ब्रश मागून घेऊन. मागच्या बाजूचा एक हातभर आकाशी चौकोन मी तसाच ठेवतेय.

— राजापूरची नात