एनओसीवरचा चासी नंबर आधी ताडून पाहा

> पिकअपचं कर्ज फिटलं, बँकेने एनओसी दिली. जळगाव आरटीओत तेवढीच नेली तर बोजा उतरेल का?

नाही भाऊ, फॉर्म ३५ पण लागतो, तुमच्या सहीचा आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा. पण बँकेतून निघण्याआधी एनओसी आरसीशेजारी ठेवा आणि चासी नंबर एकेक अक्षर ताडा. खरी अडचण इथेच होते. १७ अक्षरी चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतातच. म्हणून एनओसीवर शून्याच्या जागी 'ओ' किंवा एकच्या जागी 'आय' दिसला, तर टाइप करणाऱ्याची चूक समजा. पेनने दुरुस्त करू नका, नवीन प्रत मागा. ती फार दिवस घरात ठेवू नका, एनओसीला मुदत असते. आरसीवरून बँकेचं नाव निघालं की विमा पॉलिसीवरूनही काढून घ्या.