शब्दचर्चा: ‘स्यूडोरेप्लिकेशन’ला मराठीत काय म्हणावं?

सड्यावरची: पुढच्या आठवड्यात रत्नागिरीत माझं सेमिनार आहे, तेही मराठीत. विषय कातळसड्यावरच्या पावसाळी वनस्पती. तीन मोकळे सडे आणि आंब्याची कलमं लावलेले तीन, प्रत्येकावर एक मीटर बाजूच्या दहा चौकटी. मोकळ्यावर चौकटीमागे सरासरी 11 जाती मिळाल्या, कलमांखाली 7. तीस विरुद्ध तीस चौकटींची टी-चाचणी केली, फरक ठळक आला. सर म्हणाले, पहिला प्रश्न स्यूडोरेप्लिकेशनचा येणार. मी ‘छद्म-पुनरावृत्ती’ लिहिलंय. चालेल? आणि उत्तर काय देऊ?

शब्दवेडा: ‘छद्म’ नको. छद्मवेश, छद्मी हसू. त्यात कपट आलं. ‘आभासी’ म्हणावं तर हल्ली सगळ्यांना आभासी बैठक आठवते. मी ‘फसवी पुनरुक्ती’ म्हणेन. तीच माहिती दोनदा नोंदवणं, असाच अर्थ ना?

खाजणकाठ: नाही हो. तिच्या साठही चौकटी वेगळ्या आहेत, एकही दोनदा नोंदलेली नाही. चूक मोजण्यात नसून मोजलेलं कशाचा पुरावा म्हणून मांडलं, त्यात आहे. हर्लबर्ट यांनी 1984 साली ‘इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स’मध्ये हा शब्द रुळवला तो यासाठीच. कलमं चौकटीत लावलेली नाहीत, सड्यावर लावलीत. एकाच सड्यावरच्या दहा चौकटींना माती, उतार, पाणी साचण्याची तऱ्हा सारखीच. म्हणून मोजायचे ते सडे, तीन आणि तीन.

कलमवाला: माझंही हेच झालं की काय? बागेच्या समुद्राकडच्या अर्ध्या भागात नवं खत घातलं, मागच्या अर्ध्यात जुनंच. वीस-वीस झाडं मोजली. पुढच्या झाडांना मोहोर कमी आला, म्हणून खत बाद केलं. आता वाटतं, खारा वाराही तिकडूनच येतो.

खाजणकाठ: अगदी तेच. खत आणि वारा तुम्हाला वेगळे करता येणार नाहीत, झाडं चाळीस असोत की चारशे.

आकडेमोड: एवढं घाबरायचं कारण नाही. मिक्स्ड मॉडेल लाव, सड्याला रँडम इफेक्ट दे. प्रश्न मिटला.

खाजणकाठ: मॉडेल बरोबर, ‘मिटला’ चूक. सगळीकडे दहाच चौकटी असल्या, की ते मॉडेल साधारण तेच सांगतं जे सड्यांच्या सरासरीवरची टी-चाचणी सांगेल. ताई, सड्यागणिक सरासरी टाका.

सड्यावरची: मोकळे 9, 14, 10. कलमांचे 5, 8, 8.

खाजणकाठ: फरक 4, त्याची प्रमाणत्रुटी सुमारे 1.83, म्हणजे टी 2.19. साठ चौकटी धरल्या तर 2.00 च्या पुढे गेलं की पुरे होतं. सहा सड्यांना स्वातंत्र्यमात्रा चारच उरतात आणि उंबरठा 2.78 वर जातो. तुम्ही अलीकडेच राहता. फरकाचा 95 टक्के पल्ला साधारण वजा 1 ते अधिक 9.

सड्यावरची: मग सांगायला काय उरलं? प्रत्येक सड्यावर आणखी वीस चौकटी टाकू का?

खाजणकाठ: त्याने प्रत्येक सड्याची सरासरी जरा पक्की होईल, सडे सहाच राहतील. मोकळ्यांमध्येच 9 ते 14 एवढी तफावत आहे, ती चौकटींनी जाणार नाही. वेळ असेल तर सडे वाढवा, चौकटी पाचच टाका. आत्ता स्लाइडवर साठ ठिपके नकोत, सहा ठेवा, आणि बोला, “माझ्याकडे सहा सडे आहेत. कल घटीचा दिसतो, पण शून्य फरकही यात बसतो.” असं आधीच सांगितलंत, की विचारणाऱ्याकडे बोचरं फार उरत नाही.

मला त्याहून अवघड वाटतो तो पुढचा प्रश्न. कलमं लावायला लोक सडा कसा निवडतात? रस्ता जवळ, माती आणून टाकता येईल असा. तिथे जाती आधीपासूनच कमी असतील तर?

कलमवाला: हे खरं. ट्रक पोचत नाही तिथे कोण सुरुंग लावून खड्डे काढणार!

सड्यावरची: रस्त्यापासूनचं अंतर नोंदलंय. पण मोकळे सडे ऑगस्टमध्ये केले आणि कलमांचे सप्टेंबरअखेर, परवानगी उशिरा मिळाली म्हणून. तोवर सीतेची आसवं बरीच सुकली होती.

खाजणकाठ: मग हा प्रश्न पहिला ठेवा. आधी आणि नंतर हा भेद मोकळा आणि कलमांचा या भेदाशी पुरता गुंतलाय. तो कुठल्याही चाचणीने सुटत नाही. तारखा स्लाइडवर लिहा. पुढच्या पावसात दोन्ही प्रकारचे सडे आलटून पालटून करा.

आकडेमोड: महिना मॉडेलमध्ये घालून बघावं की.

खाजणकाठ: घाला. एकाही महिन्यात दोन्ही प्रकार नाहीत, तर मॉडेल वेगळं काढणार कशातून?

शब्दवेडा: आणि शब्द? ‘पुनरुक्ती’ मी मागे घेतो. ‘उसनी आवृत्ती’ कशी वाटते? एकाच सड्याकडून दहा वेळा उसनी घेतलेली.

कलमवाला: आवृत्ती म्हटलं की मला पुस्तकच दिसतं.

सड्यावरची: स्लाइडवर सरळ ‘स्यूडोरेप्लिकेशन’ लिहिते, आणि खाली ‘सडे किती?’