पाळीची उत्पादकता: बंद तिकिटांवरून रात्रपाळीला कमी लेखणे योग्य आहे का?

पाळीनियोजक: आमच्या आयटी हेल्पडेस्कवर दिवसपाळी रात्रपाळीपेक्षा कितीतरी जास्त तिकिटे, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, बंद करते. तिचा प्रति तिकीट सरासरी वेळ कमी आहे आणि रीओपनची, म्हणजे बंद तिकीट पुन्हा उघडले जाण्याची, टक्केवारीही कमी आहे. तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगत असताना रात्रपाळीला कमी उत्पादक का म्हणू नये?

जुना_टीमलीड: कारण या तिन्ही आकड्यांवर एकाच गोष्टीचा प्रभाव आहे: कोणत्या पाळीला कोणते काम येते. समजा, दिवसपाळीने पासवर्ड रीसेटसारखी ८० सोपी तिकिटे प्रत्येकी ६ मिनिटांत आणि २० अवघड तिकिटे प्रत्येकी ५० मिनिटांत सोडवली, तर तिची सरासरी १४.८ मिनिटे येते. रात्रपाळीने ३० सोपी तिकिटे ५ मिनिटांत आणि ३० अवघड तिकिटे ४५ मिनिटांत सोडवली, तर तिची सरासरी २५ मिनिटे येते. रात्रपाळी दोन्ही प्रकारांत जलद आहे, तरीही एकूण आकड्यात ती मागे पडते. दिवसपाळीचेच ८०-२० प्रमाण रात्रपाळीच्या वेळांना लावून पाहा, सरासरी १३ मिनिटे येईल. अवघड तिकिटे मुळातच जास्त वेळा पुन्हा उघडली जातात, त्यामुळे रीओपनचीही तीच गत होते.

हिशेबी: गणित बरोबर आहे, परंतु तिकीट सोपे की अवघड हे ठरवतो कोण? आमच्याकडे बंद करणारा एजंटच प्रकार निवडतो. अवघड तिकिटांना वजन मिळते हे कळल्यावर साधे प्रिंटरचे कामही ‘नेटवर्क’ म्हणून नोंदवले जाऊ लागले. म्हणून मी फक्त रीओपन पाहतो, कारण तिकीट पुन्हा उघडायचे की नाही हे ग्राहक ठरवतो.

जुना_टीमलीड: प्रकाराबद्दलचा आक्षेप मान्य करावा लागेल, तिकीट येताना नोंदलेला प्रकारच धरावा, मग तो कधीकधी चुकीचा असला तरी चालेल. मात्र रीओपनवरचा तुमचा भरवसा मला पटत नाही. अनेक सिस्टीममध्ये सोडवलेले तिकीट ठरावीक दिवसांनी आपोआप कायमचे बंद होते, आणि त्यानंतर तीच अडचण आली की वापरकर्ता नवे तिकीट काढतो. ते रीओपनमध्ये मोजलेच जात नाही. शिवाय महिनाअखेरीस बंद झालेल्या तिकिटांना पुन्हा उघडण्याइतका अवधीच मिळालेला नसतो, म्हणून ताजा महिना नेहमी चांगला दिसतो. तिकीट बंद होऊन ७ दिवस उलटल्यावरच ते हिशेबात घ्यावे, आणि त्या ७ दिवसांत त्याच वापरकर्त्याची त्याच प्रकारची तक्रार आली, तर तिकिटाचा क्रमांक नवा असला तरी ती पुनरावृत्ती मानावी.

नागरिक_तक्रारदार: आमच्या भागातील पथदिव्याची तक्रार दिवा न लावताच बंद झाली. पुन्हा तक्रार केली की नवा क्रमांक मिळतो, आणि कागदावर दोन तक्रारी ‘निवारण’ झालेल्या दिसतात. पाळ्यांचे मला माहीत नाही, परंतु बंद तक्रारींच्या आकड्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

निशाचर: हँडओव्हरबद्दल कोणीच का बोलत नाही? दिवसपाळी पाळी संपण्याच्या आधीच्या तासात सोपी तिकिटे वेचून घेते आणि अर्धवट तपासलेली अवघड तिकिटे ‘तपास सुरू’ एवढ्याच नोंदीसह आमच्यावर सोपवते. आमच्या सिस्टीममध्ये तिकिटाचा सगळा वेळ बंद करणाऱ्याच्या नावावर जातो, म्हणजे त्यांचे दोन तासही आमच्याच खात्यात जमा होतात. त्यावर अप्रेझलमध्ये आम्हालाच संथ म्हटले जाते, हा उघड अन्याय आहे.

सकाळची_पाळी: हा आरोप एकतर्फी आहे आणि मला तो अपमानास्पद वाटतो. रात्री वापरकर्ता झोपलेला असतो. तुम्ही त्याला एक ईमेल पाठवून तिकीट ‘वापरकर्त्याच्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ ठेवता आणि घड्याळ थांबते. सकाळी तो चिडून फोन करतो, तेव्हा त्याचे बोलणे आम्ही ऐकतो आणि अडचणही आम्हीच सोडवतो.

निशाचर: झोपलेल्या माणसाला आम्ही फोन करावा, अशी अपेक्षा आहे का?

जुना_टीमलीड: तुम्हा दोघांचे म्हणणे एकाच नोंदीतून तपासता येते. तिकीट कोणाकडे किती वेळ होते आणि त्याची स्थिती कधी बदलली, हा इतिहास बहुतेक सिस्टीम जपून ठेवतात. त्यावरून प्रत्येक पाळीचा वेळ वेगळा काढावा. पाळीच्या शेवटच्या तासात बंद झालेल्या तिकिटांमध्ये सोप्यांचे प्रमाण एकदम वाढत असेल, तर वेचावेची चालू आहे असा संशय घ्यायला जागा आहे. प्रतीक्षेत टाकलेली किती तिकिटे पुढच्या पाळीने वापरकर्त्याशी बोलताच सुटली, हेही मोजावे. मात्र तिकीट हातात असणे म्हणजे त्यावर काम चालू असणे नव्हे, त्यामुळे काही तिकिटे प्रत्यक्ष वाचून पाहण्याला पर्याय नाही.

हिशेबी: वाचणार कोण? टीम लीड स्वतःच्या पाळीची तिकिटे वाचणार असेल, तर त्यापेक्षा माझी टक्केवारी बरी.

जुना_टीमलीड: दिवसपाळीची तिकिटे रात्रीच्या लीडने वाचावीत आणि रात्रीची दिवसाच्या लीडने.

पाळीनियोजक: प्रमाण सारखे धरून तुलना करायला मी तयार आहे. परंतु वेळ पाळीनिहाय विभागला, तर अपुरे तिकीट पुढे ढकलणाऱ्याला त्याची झळ कुठे बसते? उलट त्याचा वेळ कमीच दिसेल. या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत मी या तीन आकड्यांचा जुना अहवाल बंद करणार नाही.

निशाचर: मग निदान या तिमाहीच्या अप्रेझलमध्ये तरी तो वापरू नका.